दुसरी वायर

खंडेनवमीला धुळ्यात कुणाचं हत्यार बिनपुजलेलं राहत नाही. लोहाराचा घण, शिंप्याची कात्री, रिक्षावाल्याची रिक्षा, आणि हायवेलगतच्या त्या चार मजली दवाखान्यात ऑपरेशनच्या चिमट्यांपासून तळघरातल्या जनरेटरपर्यंत सगळं. गेली काही वर्षं त्यात सर्व्हरचाही नंबर लागला होता. जिन्याखालच्या छोट्या खोलीत एक काळं कपाट, त्याला झेंडूची माळ, कुंकवाचं बोट, समोर फुटलेला नारळ. संघपालची पूजेला हरकत नव्हती. पूजेच्या पाण्याला होती. म्हणून तो दरवर्षी नारळ दाराबाहेर फोडायला लावायचा आणि आत कुणी कलश आणला की दारातच आडवा यायचा. लोक हसायचे. "तुमच्या देवाला पाणी चालत नाही का हो?" तो म्हणायचा, "चालतं, पण मग तो आपल्याला सोडून जातो."

संघपाल दवाखान्याचा सिस्टीमवाला. चार मजल्यांचे संगणक, प्रिंटर, कॅमेरे, फोन आणि ते काळं कपाट, हे सगळं त्याच्या एकट्याच्या गळ्यात. पेशंटची नोंद, लॅबचा रिपोर्ट, एक्स-रेचा फोटो, औषधाचं बिल, सगळं त्या कपाटातल्या सर्व्हरमधून जायचं. तो कधी बंद पडला नाही म्हणून संघपाल दवाखान्यात आहे हेही बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं. चांगल्या सिस्टीमवाल्याचं नशीब असंच असतं. काम नीट केलं की माणूस दिसेनासा होतो.

सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं होती, दोन वायरी, आणि दोन्ही मिळून एक जोडी बांधलेली. त्याला बॉन्ड म्हणतात. एक वायर चालू, दुसरी राखीव. पहिली तुटली, निघाली, उंदराने खाल्ली, तर दुसरीने तिथल्या तिथे काम उचलायचं आणि वरच्या मजल्यावर कुणाला कळूही द्यायचं नाही. दोन्ही वायरींच्या टोकाला हिरवे दिवे लुकलुकायचे. संघपाल सकाळी आला की आधी ते दिवे बघायचा, मग चहाला जायचा.

त्या खंडेनवमीला खोली झाडायला तानुबाई आली. साक्रीच्या पश्चिमेकडच्या एका वाडीतली ही बाई, दवाखान्यात ठेकेदाराकडून सफाईला लागून तिचे केस पिकले होते. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेले ते तिकडेच राहिले, आणि नात हेमांगी तिच्या पदरात आली. दवाखान्याच्या मागे, ऑक्सिजनच्या टाकीला लागून, सफाईच्या बायकांसाठी खोल्या होत्या. त्यातल्या एकीत आजी-नात राहायच्या. हेमांगी दहावीला होती. वाडीत शाळा सातवीपर्यंत, पुढे डोंगर. त्या खोलीचं छप्पर होतं म्हणून पोरीची दहावी होती, एवढा सरळ हिशेब. खोली मिळते ती कामामुळे, आणि काम गेलं तर खोलीही गेली, हाही तेवढाच सरळ.

तानुबाईने जाळी काढली, फरशी कोरड्या फडक्याने पुसली, कारण संघपालभाऊने पाण्याची बंदी घातली होती, आणि कपाटाच्या मागच्या अंगाला हात घालून धूळ झटकली. एका वायरीच्या टोकाची प्लास्टिकची क्लिप, जी वायरीला भोकात धरून ठेवते, ती कधीचीच मोडलेली होती. फडक्याच्या झटक्याने ती वायर भोकातून सुटली. तानुबाईला कळलंही नाही. ती माळ बांधून, हात जोडून, बादली उचलून निघून गेली.

वर सगळं थांबलं.

नोंदणीच्या खिडकीवर पडदा गोठला. औषधाच्या काउंटरवर रांग लागली. आणि नेमकं तेव्हाच साक्री रोडवरून अपघाताचा एक पोरगा आला. लॅबने त्याचं रक्त तपासून रिपोर्ट सिस्टीमवर टाकायला घेतला, तो कुठेच गेला नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टर प्रेमराज, म्हणजे दवाखान्याचे मालक, पडद्याकडे बघत ओरडत राहिले. शेवटी लॅबची मुलगी कागद हातात घेऊन जिना चढत पळाली. पोरगा वाचला. पण त्याच्या चुलत्याने बंद पडद्याचा आणि कपाटावरच्या झेंडूच्या माळेचा व्हिडिओ काढला, आणि 'पेशंट मरतोय, हे पूजा करतात' असं लिहून गावभर पाठवला. जेवणाच्या वेळेपर्यंत तो डॉक्टरांच्या सासुरवाडीलाही पोचला होता.

संघपाल एक्स-रेच्या खोलीतून धावत आला, लोंबणारी वायर दिसली, त्याने ती भोकात दाबली, वरून चिकटपट्टी मारली. थोड्या वेळात सगळं सुरू झालं.

"काय झालं होतं?" दारात हेमराज नाना उभे होते. नाना दवाखान्याचे व्यवस्थापक. पूर्वी सूतगिरणीत होते, माणूस वाईट नाही, पण कोणत्याही गोंधळाला एक नाव हवं अशी त्यांची जन्माची सवय.

"वायर निघाली होती, नाना."

"कोण आलं होतं इथे?"

संघपाल बोलला, आणि हे बोलणं त्याला पुढे कितीतरी दिवस चावत राहिलं. "तानुअक्का झाडायला आल्या होत्या."

नानांनी मान हलवली. त्यांना नाव मिळालं.

ते गेल्यावर संघपाल खुर्चीवर बसला आणि तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. एक वायर निघाली. एकच. मग दुसरी काय करत होती?

त्याने सर्व्हरवर बॉन्डची स्थिती उघडली. पहिली शंका पद्धतीवर. बॉन्ड बांधायच्या पद्धती अनेक. काहींत दोन्ही वायरींवरून एकदम माल जातो. त्यांतल्या एका पद्धतीत तर वायरींच्या पलीकडच्या टोकाला असलेल्या स्विचनेही तसा करार पाळावा लागतो, नाहीतर एकाने वरात काढायची आणि दुसऱ्याने दार लावून घ्यायचं असा प्रकार होतो. पण इथे ती भानगड नव्हती. पडद्यावर स्वच्छ लिहिलं होतं, एक चालू, एक राखीव. या पद्धतीला स्विचकडून कसलाच करार लागत नाही. दोन्ही वायरी नेटवर्कच्या एकाच भागात उतरल्या म्हणजे झालं. खाली पहिल्या कार्डासमोर 'लिंक तुटली' याचा आकडा एकने वाढलेला. सर्व्हरच्या नोंदीतही होतं: पहिली लिंक गेली, दुसरी चालू केली. वायर परत बसल्यावर: पहिली आली, पहिलीकडे परत. पहिलीला पसंती द्यायची हे त्यानेच कधी काळी लिहून ठेवलं होतं.

म्हणजे सर्व्हरने आपलं काम चोख केलं होतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत तो दुसऱ्या वायरीवर गेला होता. मग पुढे?

पुढे स्विच. सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात ती चपटी पेटी. एकाच स्विचमध्ये वेगवेगळ्या गल्ल्या आखता येतात. एका गल्लीतलं दुसऱ्या गल्लीत ऐकू जात नाही. कॅमेऱ्यांची गल्ली वेगळी, फोनची वेगळी, आणि सर्व्हर व पेशंटच्या संगणकांची वीस नंबरची. संघपालने पहिल्या वायरीचं भोक पाहिलं: गल्ली वीस. दुसऱ्या वायरीचं पाहिलं: गल्ली एक.

स्विच कारखान्यातून येतो तेव्हा प्रत्येक भोकाला असते तीच. रिकामी. तिथे कुणीच राहत नाही.

मागच्या पावसाळ्यात वीज पडून जुना स्विच जळाला होता. नाशिकहून पुरवठादाराचा माणूस नवा घेऊन आला, घाईघाईत सेटिंग टाकलं, वायरी खोचल्या. संघपालने शेजारी उभं राहून बॅटरी धरली होती. दोन दिवे हिरवे आले. "झालं बघा भाऊ," तो माणूस म्हणाला, आणि दोघं शेवभाजी खायला गेले. दिवा हिरवा म्हणजे वायर दोन्ही टोकांना बसली आहे, एवढंच. पलीकडे कुणी हाक ऐकतंय का, हे दिवा सांगत नाही. बॉन्डही दिव्यावरच भरवसा ठेवून चालला होता. त्या दिवसापासून दुसरी वायर ओसाड गल्लीकडे तोंड करून उभी होती, हिरवीगार, आणि तिच्या जिवावर सगळा दवाखाना निर्धास्त झोपत होता.

चालू दवाखान्यात वायर काढून बघायची हिंमत कोण करतो? त्यानेही केली नव्हती.

संघपालने त्याच क्षणी दुसऱ्या भोकाला गल्ली वीस दिली आणि सेटिंग कायमचं जतन केलं. जुनं पुसलं, नवं बसलं. उघडी तार दिसली की आधी टेप गुंडाळायची, मग पुढचं बोलायचं, हा त्याचा हाडाचा स्वभाव. त्यात त्याचं काही चुकलं असंही म्हणवत नाही. आत पेशंट होते.

दसऱ्याला सुट्टी होती. तो बायको-मुलांना घेऊन सकाळी विहारात गेला, पांढऱ्या कपड्यांच्या गर्दीत बसला, पण वंदनेचे शब्द ओठांवर आणि मन त्या भोकात. कुणी आपट्याचं पान हातात ठेवलं, ते त्याने खिशात तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी कामावर आला तर मागच्या खोल्यांसमोर हेमांगी पायरीवर पुस्तक घेऊन बसली होती, आणि पुस्तक उलटं होतं.

"आजीला काढलं," ती म्हणाली. "महिनाअखेरीपर्यंत खोली सोडा म्हणे."

संघपाल तसाच नानांच्या केबिनमध्ये शिरला.

"नाना, वायर निघाली हा दोषच नाही. दोन वायरी त्यासाठीच आहेत. एक निघाली तरी चालायला हवं होतं. दुसरीचं स्विचमधलं सेटिंग चुकीचं होतं, मागच्या पावसाळ्यापासून. अक्कांचा काही संबंध नाही. बघायचं राहिलं ते माझ्याकडून. चूक धरायची तर माझी धरा."

नानांनी चष्मा काढला. "तुला काढलं तर सर्व्हर कोण बघेल?"

संघपालची नजर नानांच्या टेबलावरच्या संगणकाकडे गेली.

"बघ. तुझ्या जागी दुसरा नाही, म्हणून तुला काढता येत नाही. तिच्या जागेसाठी गेटवर बाया उभ्या आहेत. डॉक्टरसाहेबांना त्या व्हिडिओवाल्यांना काहीतरी सांगायचंय, 'कारवाई केली' असं. मी काय हौसेने करतोय का?" मग थोडं नरमून म्हणाले, "तुझ्याकडे दाखवायला काही असेल तर दाखव. साहेबांना घेऊन येतो. पटलं त्यांना, तर मला आनंदच आहे."

दाखवायला होतंच की! संघपालला वाटलं, आता सुटली अक्का. तोंडाने पटत नसेल तर डोळ्यांनी पटेल. माणसाला आपल्या कामाची खात्री असली की तो भाबडा होतो, तसा तो झाला.

दुपारी ओपीडी ओसरल्यावर डॉक्टर प्रेमराज आणि नाना जिन्याखालच्या खोलीत आले. कपाटावरची झेंडूची माळ सुकून काळपट झाली होती. व्हिडिओनंतर तिला हात लावायचं कुणाला सुचलं नव्हतं. संघपालने आपल्या लॅपटॉपवरून सर्व्हरला सतत हाक मारायचं चालू केलं. प्रत्येक हाकेला उत्तर आलं की पडद्यावर एक ओळ.

"साहेब, ही ती वायर. अक्कांच्या फडक्याने निघाली तीच." त्याने चिकटपट्टी सोडवली आणि वायर ओढली.

ओळी येत राहिल्या. एकही चुकली नाही. वर नोंदणीच्या खिडकीत कुणाला काही कळलं नाही. एवढ्या दिवसांनी ती जोडी पहिल्यांदाच खरी जोडी झाली होती.

"बघितलंत? वायर निघाल्याने काही होत नाही."

डॉक्टर पडद्याकडे बघत होते. रोगाचं मूळ शोधण्यात त्यांची हयात गेलेली. ते सावकाश म्हणाले, "त्या दिवशी ही वायर निघाली आणि सगळं बंद पडलं. आज हीच वायर निघाली आणि काहीही बंद पडलं नाही. बरोबर?"

"बरोबर, साहेब."

"म्हणजे त्या दिवशी नुसती ही वायर निघालेली नव्हती. बाईने आणखी काहीतरी ओढलं, ढकललं. मुख्य पेटीला धक्का दिला असेल."

"नाही साहेब, मधे मी दुसऱ्या वायरीचं सेटिंग दुरुस्त केलं. म्हणून आज चाललं."

"कधी केलंस?"

"त्याच दिवशी."

"कुणाला विचारून?"

"विचारून... साहेब, ते चूक होतं. तसं ठेवून कसं चालेल?"

"म्हणजे आधी काय होतं ते आता कुणालाच बघता येणार नाही."

"नोंद आहे, साहेब!" संघपालने घाईने सर्व्हरची नोंद उघडली. बोट ठेवून वाचून दाखवलं. पहिली लिंक गेली. दुसरी चालू केली. अपघाताच्या पेशंटच्या वेळेशी जुळणारी वेळ.

डॉक्टरांनी वाकून वाचलं. "दुसरी चालू केली," ते म्हणाले. "तुझंच मशीन सांगतंय, दुसरी लाइन त्या वेळी चालू होती. मग बंद का पडलं?"

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. ज्या नोंदीने अक्का सुटायची, तीच नोंद दिव्यासारखंच हिरवं खोटं बोलली. मशीनला दिसला तो दिवा. ओसाड गल्ली मशीनला दिसलीच नव्हती, मग ते लिहिणार काय? संघपाल गल्ल्यांचं सांगू लागला, वीस आणि एक, आणि सांगता सांगता त्याला स्वतःचा आवाज बनेल माणसासारखा ऐकू येऊ लागला.

"परत आधीसारखं करून दाखवतो," तो शेवटी म्हणाला. "दुसरीला एक नंबर देतो, पहिली ओढतो. सगळं बंद पडेल. मिनिटभरच."

"आयसीयूत किती लोक आहेत माहीत आहे?" डॉक्टरांचा आवाज चढला नव्हता. "एका बाईसाठी तू मुद्दाम सिस्टीम पाडणार? आणि मुद्दाम पाडलेली सिस्टीम काय सिद्ध करते?"

डॉक्टरांचं खरं होतं. दुसऱ्या कुणी तसं करायला घेतलं असतं तर संघपालनेच त्याला अडवलं असतं. चांगलं असलेलं मोडल्याशिवाय आपलं खरं ठरत नाही, आणि मोडायला हात धजत नाही. अशा पेचातून माणूस सुटत नाही, फक्त थकतो.

"वायर लाव ती," नाना हळूच म्हणाले.

त्याने लावली. साहेब गेले. जाता जाता नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात त्याला सगळ्यात जड वाटला. आता तर नुसती वायर ओढल्याचा नव्हे, पेटीला धक्का दिल्याचा ठपका अक्काच्या माथी आला होता. वड्याचं तेल वांग्यावर निघालं, ते दुप्पट होऊन.

त्याने पुरवठादाराच्या माणसाला फोन लावला. त्या माणसाने आठवून आठवून सांगितलं, "दोन्ही दिवे हिरवे होते ना भाऊ? तुम्हीच बघितले होते." खोटं काहीच नव्हतं त्यात. खोटं कुणीच बोललं नव्हतं या सगळ्या प्रकरणात, आणि तरी एक बाई उघड्यावर येत होती.

महिनाअखेरीला तानुबाई निघाली. दोन गाठोडी, एक पत्र्याची पेटी, आणि हेमांगीच्या दप्तरावर बांधलेलं स्टोव्हचं डबडं. साक्रीची एसटी गाठायची होती. संघपालने पेटी उचलून गेटपर्यंत आणली. हेमांगी पुढे चालत होती. तिच्यासाठी त्याने वसतिगृहात विचारून बघितलं होतं. जूनमध्ये या म्हणाले. दहावीची परीक्षा त्याच्या आधी येते हे त्या बिचाऱ्यांनाही ठाऊक होतं.

रिक्षा येईपर्यंत तानुबाई गेटच्या कट्ट्यावर टेकली.

"अक्का, मी तुमचं नाव घ्यायला नको होतं."

"मीच गयथू ना आत. मंग दुसरं कोनं नाव सांगशात?" तिने पदराने तोंड पुसलं. "भाऊ, एक सांगा. ती वायर मनाच हातखाल निंघनी?"

"निघाली. पण पेटीला तुम्ही हात लावला नव्हता, हे मला माहीत आहे."

"आनि आते? आते दुसरी बाई यी झाडाले. तिना हातखाल निंघनी ते?"

"काही होणार नाही, अक्का." हे मात्र तो छातीठोकपणे सांगू शकत होता. "आता दुसरी वायर काम करते. कुणाला कळणारसुद्धा नाही."

तानुबाईने त्याच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, तेच वाईट होतं. बाजारात भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात तिने विचारलं, "मंग पहिलेच काबर नही करं?"

रिक्षा आली. संघपालने पेटी आत ठेवली, गाठोडी ठेवली. हेमांगी दप्तर मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली. रिक्षा हायवेला वळून दिसेनाशी झाली तरी तो गेटवर उभा होता, आधीच का नाही केलं याचं उत्तर जुळवत. मग तो जिन्याखालच्या खोलीत गेला.

नवी बाई कपाटामागची धूळ झटकत होती. तिने त्याला पाहून दचकून हात मागे घेतला.

"झटका, झटका," संघपाल म्हणाला. "काही होत नाही."

कपाटामागे दोन्ही दिवे हिरवे होते, मागच्या पावसाळ्यापासून होते तसेच.